चहाच्या टपरीचा ब्रेक-इव्हन तक्ता करताना या चुका टाळा

एकाच चहाच्या टपरीचा हिशेब दोघांनी मांडला, तर एकाच्या कागदावर दिवसाला ६० कप विकले की खर्च निघतो आणि दुसऱ्याच्या कागदावर त्यासाठी २५० कप लागतात, असे सहज घडू शकते. दोघांचाही भागाकार बरोबर असतो. चूक असते ती भागाकारात घातलेल्या आकड्यांमध्ये, आणि तक्ता कितीही सुबक आखला तरी ती आपोआप उघडी पडत नाही. म्हणून या लेखात एकच टपरी धरून चालू आणि तिचा आकडा २५० ऐवजी ६० कोणत्या चुकांमुळे आला, ते पाहू.

टपरी पुण्यातील एका कार्यालयीन भागाजवळच्या भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात आहे, असे समजा. मालक स्वतः चहा करतो आणि स्वतःच देतो. एका कपात ८० मिलिलिटर चहा असतो, किंमत १० रुपये आहे आणि टपरी रविवार सोडून महिन्याला २६ दिवस उघडी असते. पुढील सर्व भाव उदाहरणापुरते आहेत; आपल्या भागातील दूध, गॅस आणि भाड्याचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

तक्त्यामागचे सूत्र साधे आहे. कपाच्या विक्री किमतीतून, तो एक कप जास्त विकल्यामुळे जेवढा खर्च वाढतो तेवढा वजा केला की कपामागे उरणारी रक्कम मिळते. चहा विकला गेला काय किंवा न गेला काय, जो खर्च होणारच, त्या स्थिर खर्चाला या रकमेने भागले की ना नफा ना तोटा होण्यासाठी, म्हणजेच ब्रेक-इव्हनसाठी, किती कप विकले पाहिजेत ते कळते.

पहिली चूक: कपाचा खर्च पातेल्यावरून न काढता कृतीवरून काढणे

एका पातेल्यात ३ लिटर दूध, २ लिटर पाणी, ४५० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम चहा पावडर आणि थोडे आले-वेलची पडते. दूध ६० रुपये लिटर धरल्यास १८० रुपये, साखर २० रुपये, चहा पावडर ४०० रुपये किलोच्या भावाने ४८ रुपये आणि आले-वेलची १३ रुपये, म्हणजे एकूण २६१ रुपये होतात. ५ लिटरला ८० मिलिलिटरने भागले की ६२ कप येतात आणि २६१ भागिले ६२ म्हणजे कपाला सुमारे ४ रुपये २० पैसे. बहुतेक तक्त्यांत हाच आकडा जातो आणि तो बराच कमी असतो.

पातेल्यात ५ लिटर द्रव घातला म्हणून ५ लिटर चहा गाळून निघत नाही. साखर विरघळल्याने पाव लिटरच्या आसपास भर पडते हे खरे. पण उकळताना अर्धा लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते आणि चोथा आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट चहा शोषून घेतो, तो कितीही पिळला तरी सगळा परत मिळत नाही. प्रत्यक्षात अशा पातेल्यातून साधारण ५४ कप निघतात. त्यातही दोन-एक कपांचे पैसे येत नाहीत: एखादा चव पाहण्यात जातो, एखादा वॉचमनला द्यावा लागतो, एखादा सांडतो. पैसे देणारे कप उरतात ५२.

कृतीवरून हिशेब करणाऱ्याच्या नजरेतून आणखी दोन गोष्टी हमखास सुटतात, त्या म्हणजे गॅस आणि कागदी कप. एका पातेल्याला सुमारे २०० ग्रॅम गॅस लागतो असे धरले आणि व्यावसायिक सिलिंडरचा गॅस किलोला ९५ रुपयांच्या घरात पडतो असे धरले, तर १९ रुपये होतात. कागदी कप ६० पैशांचा असेल, तर ५४ कपांचे ३२ रुपये. फुकट दिलेल्या चहालाही कप लागतो, त्यामुळे येथे ५२ नव्हे तर ५४ धरायचे. आता २६१, १९ आणि ३२ मिळून ३१२ रुपये झाले. त्यांना ५२ ने भागले की कपाचा खरा बदलता खर्च ६ रुपये निघतो. म्हणजे कपामागे उरणारी रक्कम ५ रुपये ८० पैसे नसून फक्त ४ रुपये आहे.

हा आकडा अंदाजाने ठरवू नये. तो मोजण्यासाठी एक कामाचा दिवस पुरतो. सकाळी कागदी कपांची पाकिटे मोजून ठेवावीत, रात्री उरलेले कप मोजावेत. दोहोंतला फरक म्हणजे दिवसभरात भरलेले कप. चहाच्या विक्रीचे दिवसाचे पैसे १० ने भागले की पैसे मिळालेले कप कळतात. दिवसात किती पातेली चढली त्याने या दोन्ही आकड्यांना भागले की ५४ आणि ५२ च्या जागी आपले आकडे मिळतात. गॅससाठी सिलिंडर लावल्याची आणि संपल्याची तारीख लिहून ठेवावी आणि मधल्या काळात चढलेली पातेली मोजावीत. १९ किलोच्या सिलिंडरमधून ९५ पातेली होत असतील, तर वरचा २०० ग्रॅमचा आकडा बरोबर आहे.

येथे जरा थांबून कप किती भरला जातो याकडे पाहणे आवश्यक आहे, कारण दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की सगळे हळहळतात, पण ओतणाऱ्या हाताकडे कोणाचे लक्ष नसते. दूध लिटरला २ रुपयांनी महागले, तर पातेल्यामागे ६ रुपये, म्हणजे कपामागे साधारण १२ पैसे वाढतात. पुढे येणाऱ्या १,००० रुपयांच्या रोजच्या स्थिर खर्चावर याचा परिणाम एवढाच होतो की २५० ऐवजी २५८ कप विकावे लागतात. उलट ८० मिलिलिटरच्या जागी सवयीने ९० मिलिलिटर ओतले जात असतील, तर त्याच पातेल्यातून ५४ ऐवजी ४८ कप निघतात, पैसे ४६ कपांचेच येतात, कपाचा खर्च ६ रुपये ७१ पैशांवर जातो आणि ब्रेक-इव्हनसाठी ३०५ कप लागतात. १० मिलिलिटर म्हणजे दोन चमचे. कपाच्या काठाशी बोटभरसुद्धा फरक दिसत नाही. नेहमीच्या हाताने भरलेला कप मोजमापाच्या पेल्यात रिकामा करून पाहिल्याशिवाय हे कळण्याचा मार्ग नाही.

दुसरी चूक: स्थिर खर्चातून स्वतःलाच वगळणे

या टपरीचा महिन्याचा स्थिर खर्च असा आहे: भाडे ७,५०० रुपये, वीज, पाणी व स्वच्छता १,५०० रुपये, शेगडी, पातेली, किटल्या आणि टेबल यांची झीज १,००० रुपये आणि पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या डब्याचे भाडे, मोबाइल, नोंदणी यांसारखे किरकोळ ४०० रुपये. बेरीज १०,४०० रुपये होते आणि बहुतेक जण येथेच थांबतात. मालकाच्या स्वतःच्या कामाचे पैसे मांडले जात नाहीत, कारण ते कोणाला द्यावे लागत नाहीत.

मात्र हाच माणूस दुसऱ्याच्या हॉटेलात चहाच्या शेगडीवर उभा राहिला, तर त्याला दिवसाला काहीतरी रोज मिळालाच असता. तो ६०० रुपये धरला, तर २६ दिवसांचे १५,६०० रुपये होतात आणि स्थिर खर्च २६,००० रुपयांवर जातो. दिवसाला १,००० रुपये. आता १,००० भागिले ४ म्हणजे २५० कप. मालकाची मजुरी वगळली, तर दिवसाचे ४०० रुपये आणि १०० कप.

माझ्या मते हे दोन्ही आकडे तक्त्याच्या वर लिहून ठेवावेत, कारण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. १०० कपांच्या खाली दिवस गेला, तर खिशातून पैसे घालावे लागतात. १०० ते २५० च्या दरम्यान टपरी चालते, घरी थोडे पैसेही जातात, पण मालक दुसरीकडे मिळाली असती त्याहून कमी मजुरीवर राबत असतो. २५० च्या पुढे जे मिळते त्यालाच धंद्याचा नफा म्हणता येईल. केवळ १०० चा आकडा समोर ठेवून वर्षभर खूश राहिलेल्या माणसाला पैसे का साठत नाहीत हे समजत नाही, याचे कारण बहुधा येथेच असते.

दिवसांचा भागाकारही याच टप्प्यावर चुकतो. महिना ३० दिवसांचा म्हणून २६,००० ला ३० ने भागले, तर दिवसाचे ८६७ रुपये आणि २१७ कप निघतात. भाडे ३० दिवसांचे असले, तरी ते २६ दिवसांच्या चहातूनच भरायचे असते. रोज २२० कप विकून आपण नफ्यात आहोत असे समजणाऱ्याला महिन्याला ५,७२० कपांमागे २२,८८० रुपये उरतात, म्हणजे प्रत्यक्षात ३,१२० रुपयांची तूट असते. आता सुरुवातीचे ६० कप कोठून आले तेही पाहता येईल: स्थिर खर्च १०,४०० रुपये, भागिले ३० दिवस, भागिले ५ रुपये ८० पैसे.

अनामत, सामान आणि कर्जाचा हप्ता

वरच्या चुकीच्या उलट दिशेनेही घोटाळा होतो. गाळ्यासाठी ४०,००० रुपये अनामत दिली आणि ३०,००० रुपयांचे सामान घेतले, म्हणून ७०,००० रुपये पहिल्याच महिन्याच्या खर्चात टाकले, तर दिवसाला ९०० हून अधिक कप विकल्याशिवाय ब्रेक-इव्हन होत नाही असा निष्कर्ष निघतो आणि चांगली जागा हातची जाते. अनामत परत मिळणार असते, त्यामुळे ती खर्च नाही. सामान साधारण ३० महिने टिकेल असे धरले, तर महिन्याला १,००० रुपये झीज धरावी, आणि ती वरच्या हिशेबात आधीच आली आहे.

कर्जाचा हप्ता मात्र अनेकांना फसवतो. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांपर्यंतचे भांडवल एका वर्षाच्या मुदतीने मिळत असे. समजा, असे १०,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के व्याजाने घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८८८ रुपये येतो, पण त्यातले व्याज सरासरी ५५ रुपयेच असते. उरलेली रक्कम ही मुद्दलाची परतफेड आहे. त्या पैशांनी घेतलेल्या सामानाची झीज आपण खर्चात धरत आहोत, म्हणून मुद्दलही धरले तर तोच पैसा दोनदा खर्ची पडतो. तक्त्यात फक्त व्याज घ्यावे. हप्ता भरण्याइतकी रोकड हाताशी आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो वेगळ्या पानावर, रोख जमा-खर्चात पाहावा.

तिसरी चूक: तक्ता सरळ रेषेत वाढेल असे मानणे

आता तक्ता आखू. मालक एकटा दिवसाला ३०० कपांपर्यंत निभावून नेतो. त्यापुढे सकाळच्या आणि चारच्या गर्दीत त्याला कप भरून देण्यासाठी, कार्यालयात चहा पोचवण्यासाठी आणि पैसे घेण्यासाठी अर्ध्या दिवसाचा मदतनीस लागतो. त्याला ४०० रुपये द्यावे लागतात. पुढील तक्ता एका दिवसाचा आहे.

| विकलेले कप | विक्री (रु.) | एकूण खर्च (रु.) | नफा / तोटा (रु.) |
|---|---|---|---|
| ० | ० | १,००० | −१,००० |
| १०० | १,००० | १,६०० | −६०० |
| २०० | २,००० | २,२०० | −२०० |
| २५० | २,५०० | २,५०० | ० |
| ३०० | ३,००० | २,८०० | +२०० |
| ३०१ | ३,०१० | ३,२०६ | −१९६ |
| ३५० | ३,५०० | ३,५०० | ० |
| ४०० | ४,००० | ३,८०० | +२०० |
| ५०० | ५,००० | ४,४०० | +६०० |

या तक्त्यात ब्रेक-इव्हन दोनदा येतो, एकदा २५० वर आणि पुन्हा ३५० वर. ३०० कपांवर २०० रुपये नफा असतो, मदतनीस ठेवला की टपरी पुन्हा तोट्यात जाते, आणि तेच २०० रुपये परत मिळवण्यासाठी ४०० कप विकावे लागतात. म्हणजे ३०१ ते ३९९ कपांच्या पट्ट्यात मालक अधिक राबतो, गल्ल्यात अधिक पैसे दिसतात आणि तरी हाती कमी येते. मदतनिसाचे ४०० रुपये तक्त्यात न घेणाऱ्याला ३५० कपांवर ४०० रुपये नफा दिसतो, तो प्रत्यक्षात शून्य असतो.

यावरून मदतनीस ठेवूच नये असा अर्थ मात्र काढू नये. विक्री ४०० च्या वर नेण्याइतके गिऱ्हाईक त्या भागात आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तक्ता देत नाही. गर्दीच्या वेळी रांग पाहून किती माणसे न थांबता पुढे जातात हे काही दिवस मोजले, तर थोडा अंदाज येतो. ३२० कपांची मागणी असेल, तर मालकाने ३०० वर थांबणे फायद्याचे ठरते; ४५० ची असेल, तर मदतनीस ठेवून ४०० रुपये हाती येतात.

तक्त्याच्या ओळी ठरवतानाही हे लक्षात घ्यावे. ०, १००, २००, ३००, ४०० अशा शंभराच्या पायऱ्या टाकल्या, तर ३०० वर नफा आणि ४०० वरही तेवढाच नफा दिसतो आणि मधला खड्डा नजरेतून सुटतो. जेथे खर्च एकदम वाढतो, त्याच्या लगेच पुढची ओळ तक्त्यात हवीच.

चौथी चूक: एका ओळीतला सरासरी खर्च दुसऱ्या ओळीत नेणे

२०० कप विकले तेव्हा एकूण खर्च २,२०० रुपये झाला, म्हणजे कपाला ११ रुपये. मग काही जण हे ११ रुपये कपाचा खर्च म्हणून पक्के धरतात आणि पुढच्या सर्व ओळींत कपांच्या संख्येला ११ ने गुणत जातात. असा तक्ता पाहताच ओळखता येतो: विक्री कितीही वाढली तरी तोटा वाढतच जातो आणि शून्य कपांच्या ओळीत खर्चही शून्य दिसतो. भाडे मात्र शून्य कप विकले तरी द्यावेच लागते. कपाला ११ रुपये हा आकडा फक्त २०० कपांच्या दिवसाचा आहे. ३०० कपांच्या दिवशी तोच ९ रुपये ३३ पैसे होतो, कारण १,००० रुपयांचा स्थिर खर्च जास्त कपांत वाटला जातो.

या चुकीची किंमत मोठ्या मागणीच्या वेळी कळते. जवळच्या कार्यालयाने दुपारच्या बैठकीसाठी रोज ५० कप ८ रुपयांनी मागितले, तर ११ रुपयांचा हिशेब मनात धरलेला मालक नकार देतो. त्याची रोजची विक्री २०० कप असेल, तर ५० कप वाढल्याने खर्च फक्त ३०० रुपयांनी वाढतो आणि पैसे ४०० रुपये येतात. तोटा २०० वरून १०० वर येतो. शिवाय चहा थर्मासमधून जाणार असेल आणि कप कार्यालयाचेच असतील, तर कपामागचे ६० पैसेही वाचतात. मात्र हीच मागणी २८० कप विकणाऱ्याकडे आली, तर तो ३०० च्या वर जातो, मदतनिसाचे ४०० रुपये त्या ५० कपांवरच पडतात आणि तेव्हा नकार देणेच शहाणपणाचे ठरते. महिनाभराच्या खात्यावर चहा जाणार असेल, तर विक्री त्या-त्या दिवशीच मांडावी, पण बुडीत निघणाऱ्या उधारीसाठी दर कपामागे काही पैसे खर्चात धरून ठेवावेत.

केलेला चहा आणि विकलेला चहा

वरच्या तक्त्यात एक गोष्ट गृहीत आहे: जेवढा चहा केला तेवढा विकला गेला. पावसाळी दिवशी हे खरे ठरत नाही. सकाळी चार पातेल्यांचा अंदाज करून २०८ कपांची तयारी केली आणि १८० च विकले गेले, तर तक्ता २८० रुपये तोटा दाखवतो. दूध, साखर, पावडर आणि गॅस मात्र चारही पातेल्यांचा खर्च झालेला असतो, त्यामुळे खरा तोटा ४३० रुपयांच्या आसपास जातो. फरक साधारण १५० रुपयांचा, म्हणजे जवळजवळ ३८ कपांच्या कमाईइतका.

हे महिनाअखेरीस पकडण्याची एक सोपी रीत आहे. ३ लिटर दुधाच्या पातेल्यातून ५२ कपांचे पैसे येतात, म्हणजे लिटरमागे साधारण १७ कप. महिन्याचे दुधाचे बिल ३९० लिटरचे असेल, तर सुमारे ६,७५० कपांचे पैसे आलेले असायला हवेत. ते ६,१०० कपांचेच आले असतील, तर चहा उरतो आहे, नासतो आहे, कप मोठे भरले जात आहेत किंवा पैसे गल्ल्यात पोचत नाहीत. यांपैकी नेमके काय, ते कागदी कपांच्या मोजणीवरून बरेचसे समजते: कपही ६,१०० च्याच आसपास संपले असतील, तर चहा पातेल्यात उरला किंवा कप मोठे भरले, कप ६,७०० च्या वर गेले असतील आणि पैसे कमी असतील, तर फुकट चहा, उधारी किंवा गल्ला तपासावा. घरी नेलेले दूध आधी वजा करावे, नाहीतर हा ताळा लागत नाही.

उपाय म्हणून संध्याकाळचे शेवटचे पातेले निम्मे चढवावे, आणि दुधाच्या शेवटच्या पिशव्या गरज पडल्याशिवाय फोडू नयेत.

बिस्किटांचा गल्ला चहात मिसळू नये

संध्याकाळी गल्ल्यात २,५०० रुपये निघाले म्हणजे २५० कपांचा टप्पा गाठला, असे नाही. त्यातले ५०० रुपये खारी, टोस्ट आणि बिस्किटांचे असतील आणि त्यावर १५ टक्के सुटत असतील, तर त्यांतून फक्त ७५ रुपये मिळाले. चहाच्या २०० कपांमागे ८०० रुपये उरले. एकूण ८७५ रुपये, आणि स्थिर खर्च १,००० रुपये. दिवस १२५ रुपयांनी तोट्यात गेला. बिस्किटांसाठी वेगळा डबा ठेवावा किंवा निदान संध्याकाळी पाकिटे मोजून त्यांची विक्री बाजूला काढावी.

तक्ता संगणकावर किंवा मोबाइलवर करताना

येथील चुका हिशेबाच्या नसून मांडणीच्या असतात. कपाची किंमत, कपाचा बदलता खर्च, रोजचा स्थिर खर्च, एकट्याने पेलणारे कप आणि मदतनिसाचा रोज हे पाच आकडे B1 ते B5 या पाच चौकटींत एकदाच लिहावेत. त्याखाली आठव्या ओळीपासून A स्तंभात कपांची संख्या लिहावी आणि पुढील सूत्रे खाली ओढावीत.

```
B8: =A8*$B$1
C8: =$B$3+A8*$B$2+IF(A8>$B$4,$B$5,0)
D8: =B8-C8
```

डॉलरची खूण विसरली, तर पहिली ओळ बरोबर दिसते आणि दुसऱ्या ओळीपासून सूत्र एक-एक चौकट खाली सरकते. १०० कपांची विक्री १,००० ऐवजी ६०० रुपये दिसू लागते, कारण किमतीच्या जागी कपाचा खर्च आला. २०० कपांची विक्री एकदम २,००,००० रुपये दिसते, कारण तेथे स्थिर खर्च आला. असे विचित्र आकडे दिसले की आधी डॉलरच्या खुणा पाहाव्यात. पहिल्या ब्रेक-इव्हनचा आकडा थेट हवा असेल, तर पुढील सूत्र वापरावे.

```
=ROUNDUP(B3/(B1-B2),0)
```

येथे नेहमीचे पूर्णांकन न वापरता वरच्या पूर्ण संख्येपर्यंत न्यावे. किंमत १२ रुपये केली, तर कपामागे ६ रुपये उरतात आणि १,००० भागिले ६ म्हणजे १६६.६७ कप, १६६ कपांवर अजून ४ रुपये तोटा असतो, १६७ वर तो संपतो. दुसरा ब्रेक-इव्हन काढताना B3 मध्ये B5 मिळवून मग भागावे, आणि पहिल्या सूत्राचे उत्तर B4 पेक्षा मोठे आले तर ते उत्तर वापरू नये, कारण तेवढे कप एकट्याने होणारच नसतात. ९० मिलिलिटर ओतणाऱ्याचे ३०५ कप याच प्रकारात मोडतात: एकट्याची मर्यादा ३०० ची असल्याने त्याला मदतनीस धरून ४२६ कप विकावे लागतात.

तक्ता बरोबर जमला आहे का, हे तीन ठिकाणी पाहून कळते. शून्य कपांच्या ओळीतला तोटा स्थिर खर्चाएवढाच असला पाहिजे. मदतनिसाच्या आधीच्या कोणत्याही दोन ओळींत १०० कपांचे अंतर असेल, तर नफ्यातले अंतर बरोबर ४०० रुपये असले पाहिजे. आणि मदतनीस लागू झाल्याच्या ओळीत नफा खाली गेलाच पाहिजे; तो न थांबता वाढत असेल, तर C स्तंभातली IF ची अट लागलेली नाही किंवा B5 रिकामी राहिली आहे.